तिन्हीसांजेला दुकानाची काच

रात्रिभोजनत्याग पाळणाऱ्या व्यापारी कुटुंबांत एक गोष्ट पिढ्यान् पिढ्या घडत आली आहे. सूर्यास्त जवळ आला की दुकानाचा मालक गल्ला विश्वासू माणसाकडे सोपवून चौविहारासाठी घरी जातो. दिवाळीच्या सुमारास पुण्यात सूर्य सहाच्या आगेमागे मावळतो, म्हणजे मालक साडेपाचला उठतो. जेवण, प्रतिक्रमण किंवा सामायिक आटोपून तो परत येतो तेव्हा सात वाजून गेलेले असतात आणि रस्त्यावर पूर्ण अंधार असतो. मधल्या वेळात त्याच्या दुकानाच्या दर्शनी काचेतले दिवे लागतात, आकाश निळे-करडे होते आणि कचेऱ्यांतून सुटलेली माणसे बाजारात उतरतात. सणाच्या खरेदीचा ओघ सुरू होणारी ही वेळ गिऱ्हाईक पाहते, शेजारी पाहतात, नोकर पाहतात. मालक मात्र आपली काच त्या वेळी कशी दिसते, हे क्वचितच पाहतो.

पुण्याच्या जुन्या पेठेतील एका भांड्यांच्या दुकानात हा विचार प्रथम मुलाच्या मनात आला. तांब्या-पितळेचा आणि स्टीलचा व्यापार आजोबांपासूनचा. धनत्रयोदशीला घरोघरी एखादे तरी भांडे घेण्याची रीत असल्यामुळे वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा या आठ-दहा दिवसांचा. काच आठ फूट रुंद होती व सणासाठी तिच्यावर बराच खर्च झाला होता. माणसे काचेपाशी थांबत, दिव्यांपुढे आपली छायाचित्रे काढून घेत आणि पुढे जात. आत येऊन ‘काचेतली ती कळशी दाखवा’ असे म्हणणारे मात्र दिवसाकाठी एक-दोनच निघत. काच लोकांना थांबवत होती, पण माल दाखवत नव्हती. असे का होते हे कळावे म्हणून मुलाने आपल्या आणि त्याच गल्लीतील आणखी दोन दुकानांच्या काचा तिन्हीसांजेला मोबाइलवर टिपायचे ठरवले.

त्यासाठी छायाचित्रच का हवे? मालक काचेपुढे उभा राहतो तेव्हा त्याचा डोळा निष्पक्ष नसतो. समई कोठे ठेवली आहे हे त्याला ठाऊक असते, म्हणून ती त्याला दिसते. दिव्यांच्या झगमगाटातही डोळा जुळवून घेतो आणि मन उरलेले भरून काढते. छायाचित्र ही सवलत देत नाही. ते अनोळखी माणसाला दाखवता येते, लहान करून पाहता येते आणि उद्याच्या छायाचित्राशेजारी ठेवता येते.

मात्र तुलना खरी व्हायची तर छायाचित्रे एकाच शिस्तीने काढावी लागतात. पहिली शिस्त वेळेची. सूर्यास्तापूर्वी काच हा एक आरसाच असतो. साधी स्वच्छ काच समोरून पडणाऱ्या प्रकाशापैकी शंभरात सुमारे आठ भाग परत फेकते. हा आकडा लहान वाटतो, पण बाहेरचा उजेड आतल्यापेक्षा दहा-बारा पट असेल तर तेवढ्यानेच समोरची इमारत, रिक्षा आणि छायाचित्र काढणारा स्वतः मालाइतकाच ठळक दिसू लागतो. पूर्ण अंधारात उलट अडचण येते. दिवे पांढरे डाग होतात आणि बाकीचे काळे पडते. सूर्यास्तानंतरच्या साधारण दहा ते पंचवीस मिनिटांत आकाश आणि काचेतले दिवे यांचा तोल जमतो. म्हणून तिन्ही दुकाने एकाच संध्याकाळी, या पंधरा मिनिटांतच टिपली गेली. अरुंद गल्लीत अंधार लवकर उतरतो, हे ध्यानात घेऊन मुलाने सुरुवात जरा आधी केली.

दुसरी शिस्त जागेची. प्रत्येक काचेपासून दहा पावलांवर, रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभे राहायचे, मोबाइल छातीच्या उंचीवर धरायचा आणि चित्र मोठे करून घ्यायचे नाही. गिऱ्हाईक चालता चालता जे पाहते ते एवढ्याच अंतरावरून. तिसरी शिस्त यंत्राची. भिंग रुमालाने पुसायचे, कारण बोटाचा तेलकट ठसा असला की प्रत्येक दिव्याभोवती धूसर वलय येते आणि दोष काचेच्या माथी जातो. फ्लॅश बंद ठेवायचा. रात्रीसाठी असलेली खास सोयही बंद ठेवायची, कारण ती अनेक छायाचित्रे एकत्र करून अंधारातले भाग उजळते आणि डोळ्याला न दिसणारा मालही दाखवते. तसे चित्र सुंदर येते, पण ते खोटी साक्ष देते.

प्रत्येक दुकानाची दोन छायाचित्रे घेतली. पहिल्यात उजेडाचा हिशेब मोबाइलवर सोडला. दुसऱ्यात पडद्यावर मालाच्या जागी बोट टेकवले, म्हणजे मोबाइल मालापुरता उजेड धरतो. या जोडीतून एक गोष्ट लगेच उघड होते. पहिल्यात माल काळवंडला आणि दुसऱ्यात नीट दिसला, तर काचेत उजेड कमी नाही, तो भलत्या जागी आहे. दोन्हींत माल अंधुक असेल, तरच दिवा वाढवण्याचा विचार करावा.

तपासणीसाठी तीन प्रश्न होते. नजर प्रथम कोठे जाते, माल किती ओळखू येतो आणि टापटीप कशी आहे? पहिल्याचे उत्तर मिळवायला छायाचित्र कृष्णधवल करून टपाल तिकिटाएवढे लहान केले. रंग आणि बारकावे गेले की सर्वांत उजळ जागा आपोआप पुढे येते. दुसऱ्यासाठी मुलाने तिन्ही चित्रे सोलापूरला दिलेल्या बहिणीकडे पाठवली आणि तिला सांगितले, की ती शेजारणींना एकेक चित्र तीन सेकंद दाखवून लगेच मिटव आणि काय काय दिसले ते विचार. त्या बायकांनी ही गल्ली कधी पाहिलेली नव्हती, म्हणून त्यांची साक्ष मोलाची. तिसऱ्यासाठी चित्र मोठे करून, जी वस्तू ना माल ना सजावट, अशी प्रत्येक वस्तू मोजली.

पहिले दुकान मुलांच्या तयार कपड्यांचे होते. काचेत तीनच पुतळे आणि मागे गडद पडदा. लहान केलेल्या चित्रात मधल्या पुतळ्याचा पिवळा झब्बा ठसठशीत उठून दिसत होता. सोलापूरच्या बायकांनी तिन्ही पोशाख बरोबर सांगितले. पण चित्र मोठे करताच दिव्याची लोंबती वायर, पडदा ताणायला लावलेल्या चार टाचण्या आणि एका पुतळ्याच्या पायाशी राहिलेला पुठ्ठा दिसला. नजर आणि माल उत्तम, टापटीप कच्ची.

दुसरे दुकान सुक्यामेव्याचे. सोनेरी कागदाच्या खोक्यांचा रेखीव मनोरा रचलेला, एकही खोका वाकडा नाही, काच लख्ख. टापटिपीत दोष काढायला जागा नव्हती. नजरही मनोऱ्यावरच जात होती. पण आत काय आहे, या प्रश्नाला एक बाई म्हणाली मिठाई, दुसरी म्हणाली दागिने, तिसरी म्हणाली साड्यांची खोकी असतील. बदाम, अंजीर किंवा पिस्ते यांचा एकही उघडा वाडगा काचेत नव्हता. माल दाखवण्याच्या कसोटीवर हे दुकान शून्यावर राहिले.

तिसरे घरचे भांड्यांचे दुकान. पाच पायऱ्यांवर साठएक वस्तू ठेवलेल्या होत्या. मागे छतापर्यंत स्टीलच्या डब्यांच्या चळती, पुढे कळशा, तपेली, तांबे, पंचपाळी, निरांजने आणि दोन समया. काचेवर आडव्या-उभ्या दिव्यांच्या माळा, मध्यभागी डोळ्यांच्या उंचीवर मोठा आकाशकंदील आणि सवलतीचे तीन फलक. लहान केलेल्या चित्रात दिसला तो फक्त कंदील, आणि भोवती शेकडो ठिपके. साठ वस्तूंपैकी सोलापूरच्या बायकांना ‘डबे’ आणि ‘समई’ एवढेच सांगता आले. एका बाईला हे दुकान दिव्यांच्या माळा विकणाऱ्याचे वाटले.

मुलाने प्रत्येक कसोटीला पाचपैकी गुण देऊन बेरीज केली, तेव्हा सुक्यामेव्याचे दुकान कपड्यांच्या दुकानाच्या बरोबरीने पहिले आले. ही बेरीज पाहून तो स्वतःच थबकला. माल मुळीच न दाखवणारी काच पहिली कशी? दुकानाच्या काचेत या तीन गोष्टी एकमेकींची भरपाई करत नाहीत. नजर थांबली नाही तर माल दिसून उपयोग नाही, माल ओळखला नाही तर टापटिपीचा उपयोग नाही. म्हणून बेरीज सोडून ज्या कसोटीत गुण सर्वांत कमी, तिच्याकडे आधी पाहायचे असे त्याने ठरवले. त्या हिशेबाने सुक्यामेव्याच्या दुकानाला दोन उघडे वाडगे हवे होते आणि कपड्यांच्या दुकानाला दहा मिनिटांची आवराआवर. घरच्या काचेत मात्र नजरच चुकीच्या जागी जात होती.

वडिलांनी चित्रे पाहिली आणि काही वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, “माळा काढल्या तर दिवाळी आहे असं वाटेल का रे?”

“काढायच्या नाहीत, बाबा. काचेवरून काढून चौकटीवर बाहेर लावू. दिवाळी बाहेर दिसू दे, माल आत दिसू दे.”

भांड्यांच्या बाबतीत माळा काचेवर का नकोत, याला एक खास कारण आहे. चकचकीत भांडे स्वतःचे रूप दाखवत नाही, समोर जे असेल ते दाखवते. समोर दोनशे बारीक दिवे असतील, तर प्रत्येक कळशीवर दोनशे बारीक ठिपके उमटतात. त्या ठिपक्यांत तिचा गळा कोठे संपतो आणि पोट कोठे सुरू होते हे हरवून जाते. भांड्याचा आकार दिसायचा तर त्यात एकच मोठी, मऊ उजेडाची पट्टी उमटली पाहिजे. त्यासाठी काचेच्या वरच्या कडेला आतून दिव्याची नळी बसवून तिच्यापुढे दुधी प्लॅस्टिकचा पत्रा लावला. कळशीच्या पोटावर वळणारी उजेडाची एक रेघ आली आणि गोलाई दिसू लागली. स्टीलच्या मागे गडद निळे कापड टांगले, कारण स्टीलची कड अंधाऱ्या पार्श्वभूमीवरच उठते. पांढऱ्या भिंतीपुढे पांढरे डबे भिंतीतच विरून जातात. तांब्या-पितळेवर पिवळसर दिवा ठेवला. निळसर पांढऱ्या उजेडात तांबे मातकट दिसते. स्टीलला मात्र पिवळा उजेड मानवत नाही, म्हणून दोन्ही धातू वेगळ्या भागांत मांडले.

वस्तू किती ठेवायच्या, यावर खरा मतभेद झाला. मुलाने सतरा वस्तू निवडल्या. वडील म्हणाले, “सतरा भांडी ठेवलीस तर लोक म्हणतील, दुकानात माल उरला नाही. धनत्रयोदशीला भरलेलं दुकान दिसावं लागतं.” ही शंका जुनाट म्हणून झटकण्यासारखी नव्हती. सणाला भांडे घेणारे गिऱ्हाईक समृद्धीचे चिन्ह घरी नेत असते आणि रिकामी फळी त्याला रुचत नाही. शेवटी काचेमागचा लाकडी आडोसा काढला. काचेत सतरा वस्तू आणि त्यांच्या फटींतून मागे दुकानातली भरलेली कपाटे, असे दुहेरी दृश्य तयार झाले. त्यासाठी दुकानातल्या पुढच्या दोन नळ्या संध्याकाळी बंद ठेवाव्या लागल्या. नाहीतर मागचा उजेड पुढच्यावर मात करून काचेतली भांडी काळ्या सावल्यांसारखी दिसत होती.

टापटिपीची मोजणी करताना एक वेगळीच गोष्ट समोर आली. घरच्या काचेच्या चित्रात अव्यवस्थेच्या नऊ खुणा सापडल्या. सुटलेली चिकटपट्टी, गेल्या वर्षीचा फिका फलक, सुकलेला झेंडू, एका डब्यावरची उलटी किंमतपट्टी अशा. नववी खूण म्हणजे खालच्या फळीवर पसरलेले बारीक काळे ठिपके. मुलाने त्यापुढे ‘धूळ’ असे लिहिले होते. रात्री आजींनी चष्मा लावून चित्र पाहिले आणि त्या म्हणाल्या, “ही धूळ नाही बाळा. हे जीव आहेत.”

सकाळी पाहिले तर तसेच होते. पावसाळ्यानंतरच्या त्या दिवसांत निळसर पांढऱ्या दिव्यांवर झेपावणारे किडे काचेच्या फटीतून आत जात, तापलेल्या पट्ट्यांपाशी पडत आणि रोज सकाळी नोकर त्यांना केराबरोबर झाडून टाकत असे. भगवान महावीरांच्या निर्वाणाचा हा उत्सव. त्या दिवशी दीप लावायचे ते कोणासाठी आणि त्यांच्यावर जळायचे कोणी, हा प्रश्न आजींनी विचारला नाही, पण घरात तो सर्वांना ऐकू आला. दिव्यांचा रंग बदलण्याचा निर्णय विक्रीसाठी आधीच झाला होता, आता त्याला दुसरे आणि मोठे कारण मिळाले. पिवळसर उजेडाकडे किडे निळसर पांढऱ्याच्या मानाने कमी येतात. मुळीच येत नाहीत असे नाही. म्हणून स्टीलच्या बाजूचा पांढरा दिवाही सौम्य केला, फटी कापडी पट्टीने बंद केल्या आणि दुकान बंद होताच काचेतले दिवे विझवण्याचा नियम केला. पूर्वी ते रात्रभर जळत. उंबऱ्यावरच्या उघड्या पणत्यांना काचेच्या चिमण्या घातल्या. सकाळची फळी पूंजणीने हलकेच पुसायचे काम आजींनी स्वतःकडे घेतले. काचेतून भगवंतांचे चित्रही काढून आतल्या देवघरात नेले. मालावर नजर खेचण्यासाठी त्याचा वापर होणे आजींना आशातना वाटत होती.

तिसऱ्या संध्याकाळी त्याच जागेवरून, त्याच मिनिटांत पुन्हा छायाचित्र काढले. लहान केलेल्या चित्रात आता सर्वांत उजळ जागा मधल्या तांब्याच्या घागरीची होती. कंदील वर आणि कडेला गेला होता. सोलापूरहून उत्तर आले ते वेगळ्या शेजारणींचे, कारण तीच माणसे पुन्हा विचारली तर ती आठवणीवरून सांगतात. बहिणीने फोनवर वाचून दाखवले, “दादा, घागर, कळशी, समई, तांब्या-पेला, पोळ्यांचा डबा. आणि एकीनं विचारलं, ती घागर केवढ्याला?” सतरापैकी पाच वस्तू तीन सेकंदांत ओळखल्या गेल्या होत्या. अव्यवस्थेच्या खुणा नवावरून दोनवर आल्या.

सर्व काही सुधारले असे मात्र नाही. काचेच्या डाव्या भागात समोरच्या दुकानाच्या लाल पाटीचे प्रतिबिंब पडत होते आणि ते कोणत्याही मांडणीने जाईना. पाटी दुसऱ्याची, ती बंद करा असे सांगता येत नाही. काचेवर छोटा छज्जा बसवून पाहिला, पण पाटी समोरासमोर असल्यामुळे त्याचा उपयोग झाला नाही. शेवटी त्या भागात बारीक नक्षीची निरांजने ठेवायची नाहीत, एकच मोठे पातेले ठेवायचे असे ठरले. लाल छटा पडली तरी मोठा आकार ओळखू येतो.

छायाचित्राच्या कसोटीलाही मर्यादा आहेत. चित्रापुढे गर्दी नसते, प्रत्यक्षात असते. सणाच्या ऐन संध्याकाळी माणसांच्या रांगेमुळे काचेचा खालचा तीन-साडेतीन फुटांचा भाग झाकला जातो. म्हणून महत्त्वाची वस्तू खांद्याच्या उंचीच्या वर असलेली बरी, हे मुलाला गर्दीच्या दिवशी आणखी एक चित्र काढल्यावर कळले. चित्रात आवाज नसतो, धातूचा नाद नसतो, दुकानदाराचा स्वभाव नसतो. शिवाय नजर वेधली म्हणजे विक्री झाली असेही नाही. ते तपासायला वडिलांनी जुनीच पद्धत वापरली. गल्ल्याजवळच्या वहीत एक पान राखून ‘काचेतली ती’ असे म्हणत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकामागे एक रेघ मारायला नोकराला सांगितले, आणि कोणती वस्तू मागितली तेही. नव्या मांडणीनंतर रेघा वाढल्या. पण सर्वाधिक मागणी घागरीला नव्हती, तिच्या शेजारी ठेवलेल्या लहान तांब्यांना होती. घागर नजर थांबवत होती आणि हात तांब्याकडे जात होता. हे वहीमुळे कळले, छायाचित्राने ते सांगितले नसते.

लक्ष्मीपूजनाला वहीपूजन झाले. नवी वही उघडताना वडिलांनी दोन्ही छायाचित्रे छापून आणवली, प्रत्येकामागे तारीख, वेळ आणि उभे राहण्याची जागा लिहवली आणि ती वहीच्या शेवटच्या पानाला चिकटवली. पुढच्या दिवाळीत मांडणी करायला जो बसेल, त्याला कोऱ्या पायऱ्यांपासून सुरुवात करावी लागणार नाही. चित्राखाली एक ओळ आजींच्या सांगण्यावरून लिहिली गेली. दुकान बंद, दिवे बंद.